चुकीची दरपत्रक फाइल सर्वांना गेल्यावर

चुकीचे दरपत्रक गेल्याचे सहकाऱ्यांना कळवणाऱ्या तुमच्या ईमेलच्या मसुद्यात पहिल्या सात ओळी दिलगिरीच्या आहेत आणि कोणते दर चुकले हे आठव्या ओळीत येते. विक्री विभागातील सहकारी कदाचित त्याच क्षणी ग्राहकाला कोटेशन पाठवत असेल, त्यामुळे त्याला आधी हवे आहे ते आठव्या ओळीतले. मी सुरुवात अशी केली असती:

“आज सकाळी ११ वाजता मी पाठवलेल्या दरपत्रकात १४ ते २५ या ओळींतील दर मागील तिमाहीचे आहेत, बाकीचे दर बरोबर आहेत. सुधारित फाइल सोबत जोडली आहे. ११ नंतर या १२ वस्तूंचे कोटेशन दिले असल्यास ३ वाजेपर्यंत मला कळवा. सुधारित कोटेशन मी तयार करून देईन. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

क्षमा एकदाच आणि शेवटी मागितली आहे, हे पाहा. ती लांबली की सहकारी “असू द्या, होते असे” अशी उत्तरे पाठवू लागतात आणि त्या गर्दीत कामाची सूचना हरवते. मात्र “चूक झाली” असे कर्ता लपवणारे वाक्यही टाळा. “मी पाठवलेल्या” एवढे शब्द जबाबदारी घेण्यास पुरेसे असतात.

नवख्यांकडून आणखी एक गोष्ट हमखास राहते: नव्या फाइलला जुनेच नाव दिले जाते. नावात तारीख आणि “सुधारित” हा शब्द घाला, अन्यथा दोन्ही फाइली वापरात राहतील.