पॅलेटच्या फळ्या न चिरता काढून बाक कसा करावा?

प्रश्न : गोदामातून दोन पाइनची पॅलेट मिळाली आहेत. पहारीने उचकटायला गेलो की फळ्या खिळ्यापाशीच चिरतात. अंगणासाठी मजबूत बाक करायचा आहे. काय करू?

खिळे उपटूच नका. पॅलेटचे खिळे बहुतेक वेळा पिळाचे असतात, ते लाकूड धरून ठेवतात. सुकलेल्या फळीच्या टोकाला पहारीचा जोर लागला की खिळा सुटण्याआधी फळीच चिरते.

आधी शिक्का पाहा. HT असेल तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले आहे, ते चालेल. MB म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते पॅलेट घेऊ नका. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेलेही नको.

तुमचे पॅलेट साधारण १२० बाय १०० सेंमीचे, खाली तीन जाड दांडे आणि वर १०० सेंमीच्या फळ्या असे धरतो. या फळ्या दांड्यांना लागून कापा. दोन दांड्यांमध्ये साधारण ४४ सेंमीची मोकळी जागा असते, म्हणजे एका फळीतून बिनखिळ्याचे, बिनचिरेचे दोन तुकडे निघतात. बाकाची बैठक याच आडव्या तुकड्यांची करायची, लांब फळ्यांची हौस सोडायची. दांड्यावर उरलेले फळीचे ठोकळे छिन्नीने फोडून काढा आणि वर आलेले खिळे हॅक्सॉने दांड्याच्या पातळीत कापा. लाकडात उरलेल्या खिळ्यांवर खडूने खुणा करा, नाहीतर करवतीचे दात जातील.

आता सांगाडा. खालून खाचा पाडलेले दांडे लांब आडव्यांसाठी वापरू नका, वजन आले की ते खाचेपाशी मोडतात. दोन दांडे १०५ सेंमीचे आडवे, आणि ४२ सेंमीचे चार पाय. बाक डुगडुगतो तो बहुधा सगळे वजन स्क्रूवर टाकल्यामुळे. म्हणून प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने आडव्याच्या उंचीइतकी, निम्म्या जाडीची खाच काढा. आडवा त्या खाचेत टेकला पाहिजे; वजन लाकडावर, आणि ८ मिमीचे दोन बोल्ट फक्त धरून ठेवायला. बोल्ट तिरक्या रेषेत घाला, दोन्हीकडे वॉशर हवेत. दोन्ही टोकांना पुढचा-मागचा पाय वर आणि खाली उरलेल्या दांड्याच्या तुकड्यांनी जोडा. बाक लांबीच्या दिशेने हलत असेल तर मागच्या पायांमध्ये एक तिरकी फळी मारा, लगेच थांबतो.

बैठकीला ४२ सेंमीचे दहा तुकडे लागतील (फळी साधारण १० सेंमी रुंद असेल तर). मध्ये पाच मिमी फट ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. ४ मिमी स्क्रूसाठी आधी ३ मिमीचे भोक पाडा, टोकापासून निदान ३ सेंमी आत. भोक न पाडता स्क्रू घातलात तर इतकी काळजी घेऊन वाचवलेली फळी तिथे चिरेल.

कडा पॉलिश पेपरने गोल करा, जवसाचे तेल द्या. पायांची टोकं पाणी शोषतात, म्हणून तिथे दोनदा. पाय मातीवर ठेवू नका, शहाबादीच्या तुकड्यावर ठेवा, वाळवीला मातीतून थेट वाट मिळत नाही.