म्हाताऱ्या लॅबचा संधिवात : आधी फरशी, मग उतार, आणि गोळी डॉक्टरांच्या हातून

प्रश्न : आमचा बंड्या, लॅब्रॅडॉर, ११ वर्षांचा, वजन ३८ किलो. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय पसरतात, उठताना धडपडतो. दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंचाच्या, तिथं आता नुसता उभा राहतो. डॉक्टर संधिवात म्हणाले. आईच्या गुडघेदुखीच्या गोळीतला अर्धा तुकडा दिला तर चालेल का? घरात अजून काय करता येईल? (कोल्हापूर)

उत्तर :

गोळीचं आधी सांगतो, कारण ते थांबवायचं आहे. अजिबात देऊ नका. माणसांच्या गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल असं काहीही असतं. त्यातली पहिली दोन कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि मूत्रपिंडाला धक्का देतात, पॅरासिटामॉलनं यकृत जाऊ शकतं. जे औषध कुत्र्यांनाही चालतं त्यातसुद्धा प्रमाणाची मेख असते. उदाहरणच द्यायचं तर मेलोक्सिकॅमचं. कुत्र्याचा रोजचा डोस साधारण किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे बंड्याला चार मिलिग्रॅमच्या आत. मेडिकलमध्ये माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमची मिळते. तिचा अर्धा तुकडासुद्धा जवळपास दुप्पट डोस झाला, आणि तो रोज गेला तर काय होईल बघा.

आता घराचं. मी दरवेळी फरशीपासून सुरुवात करायला सांगतो, त्याला कारण आहे. सांधा दुखत असताना पाय घसरला की कुत्रं स्वतःला सावरायला मांडीचे स्नायू एकदम आवळतं. त्यानं दुखणं वाढतं, मग ते चालायचं टाळतं, मांड्या बारीक होतात, आणि बारीक मांड्यांमुळं अजून घसरतं. औषधानं हे चक्र अर्धंच तुटतं. आमच्या गल्लीतल्या एका लॅबचं असंच झालं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, दुखणं उतरलं, गडी खूश. बेल वाजली की पूर्वीसारखा दाराकडं धावायला लागला. फ्रिजपाशी वळताना मागचा पाय बाहेर गेला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. औषध चांगलंच होतं, पण फरशी तशीच होती. दुखणं कमी झालेलं कुत्रं जास्त हलतं, हे ध्यानात ठेवूनच घर तयार करायचं.

सगळा हॉल झाकायची गरज नाही. बंड्या कुठून कुठं जातो ते दोन दिवस नुसतं बघा. झोपायची जागा, पाण्याचं भांडं, दार, स्वयंपाकघराचा उंबरा. या ठिकाणांना जोडणारी दोन-अडीच फूट रुंदीची वाट टाका. तीन जागा मात्र सोडू नका : उठायची जागा, वळायची जागा आणि भांड्यापुढची जागा. कुत्री सरळ चालताना फारशी पडत नाहीत, पडतात ती उठताना आणि वळताना. भांड्यापुढं तर पुढचे पाय हळूहळू बाहेर सरकत जातात आणि आपल्याला वाटतं, पाणी पितोय निवांत.

कापडी पायपुसणी, गोधडी, गोणपाट यातलं काही नको. ते कुत्र्यासकट सरकतं, म्हणजे नुसत्या फरशीपेक्षा वाईट. खाली रबर असलेली लांब पट्टी किंवा रबर मॅटच घ्या. गाडीच्या सीट-मॅटची कामं करणाऱ्यांकडं ती मापानं कापून मिळते. जुनी योगा मॅटही चालते. पारख सोपी आहे : तळहात मॅटवर दाबून जोरात बाजूला ढकला. हलली तर नापास. कडा चिकटपट्टीनं बसवा, नाहीतर नखं त्यात अडकतात. एकमेकांत बसणारे फोमचे तुकडे मऊ असतात खरे, पण चावायची सवय असेल तर ते पोटात जातात. फरशी पुसल्यावर मॅटखालीही कोरडं करा. पावसाळ्यात आपल्याकडं फरशीला दिवसभर घाम फुटलेला असतो, त्या ओलीवर रबरसुद्धा सरकतं.

मॅट टाकून भागत नाही, पंजेही बघा. म्हातारं कुत्रं कमी चालतं, त्यामुळं नखं झिजत नाहीत. उभं असताना नखं फरशीला टेकत असतील तर पंजाची गादी नीट टेकत नाही, म्हणजे पकड गेलीच. आठवड्याला थोडं थोडं कापा. एकदम मुळापर्यंत गेलात तर रक्त येतं आणि पुढच्या वेळी तो पंजा हातात देत नाही. गाद्यांच्या मधले केसही बारीक करा. मोज्यांच्या नादाला लागू नका, ते फिरतात आणि पकडीची बाजू वर जाते.

आता दार. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एकूण १८ इंच उंची. उतार करताना लांबी उंचीच्या निदान चौपट धरा, म्हणजे सहा फुटांची फळी. कोन साधारण १४-१५ अंशांचा येतो, तो संधिवाताच्या कुत्र्याला जमतो. अंगणात जागा असेल तर सात फूट करा. चार फुटांची चढण मात्र नको. चढताना तो कसाबसा जाईल, पण उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर येतं आणि कोपराचे सांधे दुखतात. तोच दोनदा उतरला की तिसऱ्यांदा वर यायलाच तयार नसतो.

रुंदी दोन फूट, प्लायवूड १९ मिलिमीटरचं आणि पाण्याला टिकणारं. साधं प्लाय कोल्हापूरच्या पहिल्याच पावसात फुगतं. फळीखाली लांबीच्या दिशेनं दोन पट्ट्या ठोका म्हणजे ३८ किलोला मध्ये वाकणार नाही. दोन्ही कडांना तीन इंच उंच पट्टी लावा, पाय बाहेर जाऊ नये म्हणून. वर काथ्याची चटई किंवा कृत्रिम गवत गोंदानं आणि खिळ्यांनी पक्कं बसवा, खिळ्यांची डोकी आत गेली आहेत ना ते बोटानं चाचपा. गवंड्याकडून सिमेंटचा कायमचा उतार करणार असाल तर तो खरबरीतच ठेवायला सांगा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर शेवाळ धरतं, ते आठवड्याला ब्रशनं घासा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात.

उतार लावला आणि पहिल्याच दिवशी त्याला ओढत वर नेलं असं करू नका. दोन दिवस फळी जमिनीवर सपाट ठेवा, त्यावर खाऊ ठेवत चालवा. मग एका टोकाखाली एक वीट, मग दोन, मग पायरीला. पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भाग हलका उचलत राहा. ओढायचं नाही, फक्त वजन घ्यायचं.

औषधाकडं येतो. डॉक्टर बहुधा कार्प्रोफेन किंवा मेलोक्सिकॅमसारखी सूज-वेदनाशामक देतील. सुरू करण्याआधी रक्त तपासायला सांगा : क्रिएटिनिन, यकृताची एंझाइम्स आणि साधा रक्तगणना तपास. म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्रपिंड बाहेरून दिसत नाही. सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि कायम चालू राहिलं तर दर सहा महिन्यांनी. गोळी पोटभर खाल्ल्यावरच द्यायची. उलट्या, जेवण सोडणं, डांबरासारखी काळी शी किंवा अचानक खूप पाणी पिणं दिसलं तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी फोन करा. आणि कुठं दुसरीकडं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते सांगितल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. दोन्ही एकत्र झाली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

एकट्या गोळीनं भागत नसेल तर गॅबापेंटिन जोडतात. त्याच्या सुरुवातीला कुत्रं थोडं झिंगल्यासारखं चालतं, म्हणूनही फरशी आधीच झालेली हवी. ते अचानक बंद करायचं नाही, कमी करत आणायचं. माणसांच्या पातळ औषधात गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असू शकतं, ते कुत्र्यांना विष आहे. त्यामुळं डॉक्टर लिहून देतील तोच प्रकार घ्या. ग्लुकोसामाइनचं विचाराल तर त्याचा फायदा फारसा सिद्ध झालेला नाही. त्यापेक्षा माशाचं तेल बरं, तेही प्रमाण विचारूनच. जवस घालून भागत नाही, कुत्र्याच्या शरीरात त्याचं हव्या त्या चरबीत रूपांतर फार थोडं होतं.

वजन हे माझ्या मते निम्मं औषध आहे. बंड्याच्या बरगड्या बोटाला सहज लागतात का ते बघा. लागत नसतील तर चार किलो कमी करायचे आहेत असं धरा. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम, इतकाच वेग ठेवा. जेवण डोळ्यानं नको, वाटीनं मोजा. बुधवार-रविवारचा रस्सा आणि चरबी त्याच्या भाकरीवर ओतायचं बंद. तसंही रश्श्यातला कांदा-लसूण त्याला चालत नाही. आणि रविवारी रंकाळ्याला एकच मोठी फेरी नको, रोज दहा-दहा मिनिटांच्या तीन चकरा मारा. सकाळी पाय आखडलेले असतात, पहिले दोन मिनिटं हळू.

औषध लागू पडतंय का हे आठवणीवर ठरवू नका. आठवड्याला एकदा मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ काढा : झोपेतून उठताना, मॅटवरून जाऊन येताना, उतार चढताना. जागा आणि कोन तेच ठेवा. कुत्री विव्हळत नाहीत, शेपूट हलवतात आणि जेवतातही. दुखणं दिसतं ते रात्री जागा बदलत राहण्यात, एकच सांधा चाटण्यात, नुसत्या बसण्यात धाप लागण्यात. डॉक्टरांना हे व्हिडिओ दवाखान्यातल्या पाच मिनिटांपेक्षा जास्त सांगतात, कारण तिथं घाबरलेलं कुत्रं लंगडणं लपवतं.

एवढ्यानंही फरक नसेल तर संधिवातच आहे ना हे पुन्हा बघायला लावा. अचानक एक पाय उचलूनच धरणं, पंजा उलटा पडणं, नखांची वरची बाजू घासलेली दिसणं ही वेगळ्या आजाराची चिन्हं आहेत. ताप आणि एकापेक्षा जास्त सुजलेले सांधे असतील तर गोचिडताप तपासून घ्या, आपल्याकडं तो फार.

दवाखान्यात जाताना रबर मॅटचा एक तुकडा बरोबर न्या. तिथली फरशी आणि तपासायचं स्टीलचं टेबल दोन्ही गुळगुळीत असतात. शक्य असेल तर मॅट खाली टाकून जमिनीवरच तपासा, अशी विनंती करा, बहुतेक डॉक्टर ऐकतात.