मिक्सरच्या बिलावरचा जीएसटी: कारखाना ते दुकान

प्रश्न: "ठोक व्यापाऱ्याला मिक्सरमागे ४३२ रुपये जीएसटी देतो आणि गिऱ्हाइकाकडून ५४० घेतो. मग सरकारला ५४० भरायचे का? माझ्या ४३२चं काय होतं?"

तुम्ही १०८ रुपये भरायचे. ते कसे येतात, हे कारखान्यापासून पाहू. सगळे व्यवहार महाराष्ट्रातले आणि कर १८ टक्के धरतो.

कारखानदाराने १००० रुपयांचा कच्चा माल घेतला, त्यावर १८० कर दिला. मिक्सर २००० ला विकला, कर लावला ३६०. आधी दिलेले १८० वजा करून त्याने रोख भरले १८०. ठोक व्यापाऱ्याने तोच मिक्सर तुम्हाला २४०० ला दिला, कर ४३२. त्यातून त्याचे ३६० वजा झाले, भरणा फक्त ७२. तुम्ही ३००० ला विकलात, कर ५४०. वजा ४३२, उरले १०८.

आता कच्च्या मालवाल्याचे १८० (सोपं जावं म्हणून त्याला मागचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, नाही असं धरलंय), मग १८०, ७२ आणि १०८ यांची बेरीज करा. बरोबर ५४० येते, म्हणजे गिऱ्हाइकाने दिला तेवढाच कर. तुमचे १०८ हे तुमच्या ६०० रुपयांच्या नफ्यावरचे १८ टक्के आहेत. म्हणून भाव काढताना खरेदी २४०० धरा. कर धरून २८३२ वर नफा चढवलात तर परत मिळणारा कर किमतीत घुसतो आणि शेजारच्या दुकानापेक्षा तुमचा माल उगाच महाग होतो.

क्रेडिट नगागणिक चालत नाही. महिन्यात १० मिक्सर घेतले आणि ४ विकले, तर क्रेडिट ४,३२० आणि विक्रीवरचा कर २,१६०. त्या महिन्यात रोख काही भरायचं नाही; उरलेले २,१६० पुढे ओढले जातात.

खरी अडचण बिलात येते. ठोक व्यापाऱ्याने आपल्या GSTR-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये ते बिल तुमच्या जीएसटी नंबरावर दाखवलं, तरच ते तुमच्या GSTR-2B या क्रेडिटच्या यादीत येतं आणि क्रेडिट घेता येतं. आमच्या दुकानाच्या एका बिलावर पुरवठादाराने नंबरच टाकला नव्हता. कर आम्ही दिला होता, पण 2B मध्ये काहीच नाही. त्याने पुढच्या GSTR-1 मध्ये दुरुस्ती केल्यावर क्रेडिट आलं, तोवर तेवढी रक्कम खिशातून भरावी लागली. तेव्हापासून १४ तारखेला 2B तयार झालं की मी खरेदीच्या वहीशी एकेक बिल ताडून पाहतो आणि मगच GSTR-3B हे कर भरण्याचं रिटर्न भरतो. मासिक रिटर्नला २० तारखेची मुदत असल्याने व्यापाऱ्याला फोन करायला वेळ मिळतो.

एक मिक्सर घरी वापरायला नेलात किंवा कुणाला भेट दिलात, तर त्याचं ४३२ चं घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. आणि तुम्ही छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या, उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हे क्रेडिट मिळतच नाही. तेव्हा मात्र तुमची खरेदी २८३२ चीच धरायची.