काचेवर लंब पडणाऱ्या प्रकाशातले ‘हरवलेले’ ३२ टक्के

प्रश्न: नागपूरला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. १.५ अपवर्तनांकाच्या काचेवर प्रकाश लंब पडला तर r = −०.२ आणि t = ०.८ येतं. वर्ग केले तर ०.०४ आणि ०.६४, बेरीज ०.६८. काच काहीच शोषत नाही असं धरलंय, मग उरलेले ३२ टक्के गेले कुठे?

उत्तर:

कुठेच गेले नाहीत. तुमचे r आणि t दोन्ही बरोबर आहेत, परावर्तित शक्तीसाठी R = r² हेही बरोबर आहे. घोळ फक्त T = t² लिहिण्यात झालाय.

r आणि t ही विद्युत क्षेत्राच्या आयामांची गुणोत्तरं आहेत:

r = (n₁ − n₂)/(n₁ + n₂)
t = 2n₁/(n₁ + n₂)

शक्ती मात्र नुसत्या E² वर ठरत नाही. ती वाहते विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या गुणाकारातून, आणि E तेवढंच असलं तरी काचेत चुंबकीय क्षेत्र हवेच्या n पट असतं. म्हणून तीव्रता I = ½ n c ε₀ E². परावर्तित किरण आपाती किरणासारखाच हवेत असतो, त्यामुळे भागाकारात n उडून जातो आणि R = r² उरतं. पार गेलेला किरण काचेत आहे, तिथे n उडत नाही:

T = (n₂/n₁) t² = १.५ × ०.६४ = ०.९६

०.०४ + ०.९६ = १. हिशोब जुळला.

आता हेच आकडे खऱ्या एककांत बघा. मे अखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, म्हणजे गच्चीवर आडव्या ठेवलेल्या काचेवर ऊन लंबच पडतं. तीव्रता सोयीसाठी १००० वॅट प्रति चौरस मीटर धरू आणि ऊन एकाच रंगाची तरंग मानू. cε₀ म्हणजे १/३७७ ओहम, म्हणून आपाती आयाम √(२ × १००० × ३७७) ≈ ८६८ व्होल्ट प्रति मीटर. परावर्तित आयाम याच्या ०.२ पट, १७४. काचेतला ०.८ पट, ६९४. आता काचेतली तीव्रता काढा: ½ × १.५ × ६९४² ÷ ३७७, साधारण ९६० वॅट. इथे १.५ विसरलात तर ६४० येतात आणि तुमचे ३२ टक्के पुन्हा ‘हरवतात’.

आयामांची बेरीज १ व्हायला हवी असं मात्र समजू नका. सीमेवर विद्युत क्षेत्र सलग राहतं, त्यातून 1 + r = t मिळतं: १ − ०.२ = ०.८. पेपरात घाईघाईत r + t = 1 लिहिणारे दर वर्षी असतात. उलट बाजूने, काचेतून हवेत जाताना r = +०.२ आणि t = १.२ येतं. t एकापेक्षा मोठा दिसला म्हणून दचकू नका; T = (१/१.५) × १.४४, पुन्हा ०.९६च.

हवेतून काचेवर येताना r चं ऋण चिन्ह म्हणजे परावर्तित तरंगेचं विद्युत क्षेत्र उलटं होतं, कलेत १८० अंशांचा फरक पडतो. काही पुस्तकांत समांतर ध्रुवीकरणासाठी याच जागी +०.२ दिसेल. तो परावर्तित क्षेत्राची धन दिशा कोणती मानली याचा फरक आहे, भौतिकी तीच. R ला चिन्हाचं सोयरसुतक नाही.

प्रयोगशाळेत मोजायला गेलात तर ९६ टक्के दिसणार नाहीत, कारण काचेला दोन पृष्ठं असतात. ५ मिलीवॅटचा किरण घ्या. पुढच्या पृष्ठावरून ०.२०० मिलीवॅट परततो. मागच्या पृष्ठावरून परतून पुन्हा पुढून बाहेर पडणारा भाग ५ × ०.९६ × ०.०४ × ०.९६, म्हणजे ०.१८४. त्यापुढचे परतावे नगण्य. सगळे मिळून R = 2r²/(1 + r²) = ७.७ टक्के, आणि पार जातात ९२.३ टक्के, म्हणजे साधारण ४.६२ मिलीवॅट.

पण ही बेरीज तीव्रतांची आहे. लेझर आणि दोन्ही पृष्ठं समांतर असलेली पातळ स्लाइड वापरली तर दोन परतावे एकमेकांत व्यतिकरण करतात, आणि परावर्तन शून्य ते १४.८ टक्के यांमध्ये कुठेही येऊ शकतं. स्लाइड जरा तापली किंवा किंचित कलली की मीटर वरखाली होऊ लागतो. दोष मीटरचा नसतो. अशा वेळी पाचरीसारखी काच वापरा. दोन ठिपके वेगळे पडतात, आणि फक्त पहिल्या ठिपक्यावर मीटर धरला की ४ टक्के थेट मोजता येतात. किरण नेमका लंब ठेवलात तर परतावा लेझरच्याच तोंडात शिरतो, म्हणून काच दोन-तीन अंश कलती ठेवा. एवढ्याने R मध्ये मोजण्याजोगा फरक पडत नाही.