रेडिओवर अटकेबद्दल बोलताना ‘24 तास’ जपून वापरा

प्रश्न: आमच्याकडच्या लहान गावांतल्या श्रोत्यांसाठी रेडिओवर दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय: अटक झालेल्या माणसाचे मूलभूत हक्क. काय काय सांगू? कलमांचे आकडे द्यावेत का?

आकडे नकोत. 1 जुलै 2024 पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नवी आली, आम्ही वकीलच अजून जुने नंबर बोलून जीभ चावतो. मासळी साफ करता करता रेडिओ ऐकणारीने ते कशाला लक्षात ठेवायचे?

असं भाषण मी एकदा केलंय. त्यात एक वाक्य ठसक्यात म्हटलं होतं: ‘अटकेनंतर 24 तासांच्या आत कोर्टापुढे न्यावंच लागतं.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण त्याने माझ्याच घरात घोळ झाला.

शिमग्यात पालखीच्या मानावरून आमच्या वाडीत मारामारी झाली. शनिवारी सकाळी साडेसातला पोलिसांनी माझ्या चुलतभावाला घरातून नेलं. वहिनीने दुपारी मुलाकडे डबा दिला आणि गप्प बसली. मला फोन आला तो रविवारी सकाळी आठला. ‘भाऊजी, 24 तास होऊन गेले, अजून सोडला नाही.’ मी म्हटलं, काल का नाही सांगितलंस? तर म्हणते, ‘तुम्हीच रेडिओवर म्हणालात ना, 24 तासांनी सोडतात.’

तेव्हा हे आधी सांगा: 24 तासांत सुटका होत नसते, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. पुढे कोठडी की जामीन, ते तिथे ठरतं. आणि रविवार असो की पाडवा, ‘कोर्ट बंद आहे’ हे कारण चालत नाही. सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवरच्या मॅजिस्ट्रेटांच्या बंगल्यावर नेतात.

भावाला तसंच संध्याकाळी पाचला नेलं. अटक पंचनाम्यावर वेळ होती शनिवार रात्री 9 वाजून 10 मिनिटं. म्हणजे कागदावर वीस तासही झाले नव्हते, आणि माणूस घरातून जाऊन तेहतीस तास उलटले होते.

पोलिसातून रिटायर झालेले आमचे काका आजही म्हणतात, ‘अटक खंय केलेली? नुसतो बसवन ठेवलेलो.’ काका, ज्या बाकावरून उठून घरी जाता येत नाही तो बाक म्हणजे अटकच. घड्याळ माणसाला अडवला तेव्हापासून चालू होतं, पंचनाम्यावर सही झाली तेव्हापासून नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1990 सालीच सांगितलंय.

पण सिद्ध कसं करणार? आम्हाला पुतण्याने वाचवलं. डबा बापाला पोचला हे आईला कळावं म्हणून त्याने मोबाइलवर फोटो पाठवला होता: स्टीलचा डबा, मागे बाक, बाकावर भाऊ. वेळ 12:40. मॅजिस्ट्रेटांनी तो पाहिला, रिमांडच्या आदेशात नोंद केली. पोलिसांनी तीन दिवसांची कोठडी मागितली होती ती दिली नाही, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली आणि बुधवारी जामीन. खटला मात्र चालूच आहे. अटक चुकीची ठरली म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

माझे सिनियर अशा वेळी पोस्टात जाऊन मॅजिस्ट्रेट आणि एसपींना तार करायचे. तारेवर वेळ छापून यायची. 2013 मध्ये तार बंद झाली, आता तेच काम ईमेल करतो. तुमच्या श्रोत्यांना एवढंच सांगा: माणसाला नेल्या क्षणी एका नातेवाइकाला मेसेज टाका, ‘अमक्याला आत्ता नेलं, अमुक ठाण्यात.’ बाकी हक्क विसरले तरी हा मेसेज टिकतो.

आणखी एक. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार?’ माझा भाऊ ‘नाही’ म्हणाला, कारण त्याला वाटेत तसं पढवलं होतं. हा प्रश्न येणार हे लोकांना आधीच ठाऊक हवं. मार बसला असेल तर तो तिथेच, तेव्हाच सांगायचा.

राहिलेलं घाईत सांगतो. ठाण्यातून कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ 24 तासांत धरत नाहीत. अटकेची कारणं समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत. लगेच जमलं नाही तर तोंडी सांगून, मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी कागद हातात पडला पाहिजे, असं नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. अपवादात्मक कारण आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी नसेल तर बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन 15100. हा नंबर रेडिओवर ‘एक, पाच, एक, शून्य, शून्य’ असा सुटा, दोनदा म्हणा.

आणि रेकॉर्डिंग घरी ऐकवताना कुणाला तरी विचारा, काय समजलं. मी वहिनीला विचारलं नव्हतं.