ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो: रेझिस्टर परत परत का जातो?

प्रश्न: "सांगलीत असतो. जुनी छोटी हॅचबॅक, नॉबवाला साधा एसी. ब्लोअर १, २, ३ वर फिरतच नाही, ४ वर जोरात चालतो. आठ महिन्यांपूर्वी रेझिस्टर बदलला होता, आता गॅरेजवाले परत तोच बदला म्हणतात. इतक्या लवकर कसा जाईल? गाडी रोज चिंचेखाली असते."

गॅरेजवाल्यांचं निदान बहुतेक बरोबर आहे. पण रेझिस्टर ज्याच्यामुळे जळतोय ते शोधलं नाही, तर तिसराही जाईल.

चार नंबरवर करंट रेझिस्टरला वळसा घालून जातो, म्हणून तो स्पीड शाबूत राहतो. १, २, ३ वर तो रेझिस्टर पॅकमधल्या कॉइलमधून जातो. या कॉइल एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि त्यांच्या सामाईक वाटेवर एक थर्मल फ्यूज असतो. तो उडाला की तिन्ही स्पीड एकदम बंद. एकच स्पीड गेला असता तर मी आधी नॉबमागचा स्विच बघायला सांगितला असता.

तपासायला चावी बंद करा. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबून तो खाली सोडा. ब्लोअरच्या डब्यावर, मोटरच्या जवळ, दोन स्क्रूंनी बसवलेला छोटा तुकडा आणि त्यात वायरचा जाड सॉकेट दिसेल. तोच पॅक. ब्लोअर नुकताच चालवला असेल तर पंधरा मिनिटं थांबा, कॉइल चटका देतात. मग सॉकेट काढून पॅक बाहेर घ्या.

मल्टिमीटर सर्वात खालच्या ओहम रेंजवर ठेवा आणि आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२-०.३ दिसेल, ते प्रत्येक मापातून वजा करा. मग पॅकची सामाईक पिन धरून बाकीच्या पिना एकेक मोजा. चांगल्या पॅकमध्ये साधारण अर्ध्या ओहमपासून तीन-चार ओहमपर्यंत चढती मापं मिळतात. सामाईक पिन कुठली ते कळत नसेल तर सगळ्या जोड्या मोजा. एका पिनेचं बाकी कुठल्याच पिनेशी माप येत नसेल आणि उरलेल्यांचं आपसात येत असेल, तर थर्मल फ्यूज गेलाय. काही पॅकमध्ये तो डोळ्यांनीही दिसतो: सोल्डरने धरलेली पत्र्याची छोटी पट्टी असते, ती उचकटून उभी राहिलेली असते.

तिथे वायर लावून जोडायचा मोह अजिबात नको. समजा दोन नंबरवर वाटेत १.२ ओहम आहेत आणि मोटर ५ अँपिअर घेतेय. करंटचा वर्ग गुणिले ओहम, म्हणजे ३० वॅट उष्णता. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. एवढं तापणारी कॉइल प्लास्टिकच्या डब्यात फक्त ब्लोअरच्या हवेवर थंड होते. हवा कमी झाली की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच नसेल तर डबा वितळतो, आगही लागू शकते.

तुमच्याकडे हवा कमी व्हायचं कारण मला चिंच वाटते. चिंचेचं पान इतकं बारीक असतं की वायपरखालच्या जाळीतून सरळ आत उतरतं. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर नसतोच, मग पाला थेट पंख्यात आणि पॅकच्या कॉइलवर जाऊन बसतो. फिल्टर असेल तर तो काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. पॅकच्या भोकातून टॉर्च मारा आणि मोटर खाली उतरवून पंख्याच्या पात्यांतला चिकटा ब्रशने साफ करा.

मोटर हातात आलीच आहे तर पंखा बोटाने फिरवा. बोट काढल्यावर थोडा वेळ फिरत राहिला पाहिजे. जागीच थांबला किंवा घासल्याचा आवाज आला तर बुश कोरडे पडलेत. अशी मोटर चारवर चालते, पण एकवर तिला सुटायला जोरच पुरत नाही. मग अडकलेल्या मोटरचा वाढलेला करंट कॉइलमधून वाहतो आणि हवा शून्य, त्यामुळे फ्यूज लगेच उडतो. खात्री करायची तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मोटरच्या एकाच वायरभोवती लावा. बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात, ते इथे चालत नाहीत. छोट्या गाडीत चार नंबरवर २० अँपिअरच्या वर जात असेल तर मोटर बदला, नुसता रेझिस्टर घालू नका.

सॉकेटही नीट बघा. एखादी पिन तपकिरी किंवा भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं असेल तर तिथली पकड सैल आहे. नवा पॅक त्याच सॉकेटला लावला तर पिन पुन्हा तापते. वायरसकट नवा सॉकेट मिळतो, तो मूळ वायरच्याच जाडीचा घ्या आणि नीट क्रिंप करून जोडा.

पॅक मोजमापात चांगला निघाला तरच नॉबकडे वळा. आणि ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत बहुधा कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, त्याला ही मापं लागू नाहीत.

सगळं बसवल्यावर दोन नंबरवर दहा मिनिटं चालवा, चावी बंद करून सॉकेटला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर पकड किंवा मोटर परत तपासा.