सायन आणि निरयन: एकच जोडपं, दोन निकाल

प्रश्न: "परभणीच्या गुरुजींनी पत्रिका जुळते म्हणून सांगितलं. संभाजीनगरच्या ज्योतिषांनी एकनाड म्हणून सोयरीक नको म्हटलं. मुलगी एकाकडे वृषभेची, दुसऱ्याकडे मिथुनेची. मुलगा एकाकडे सिंहेचा, दुसऱ्याकडे कन्येचा. दुसऱ्या कागदावर 'सायन' लिहिलंय. म्हणजे काय?"

सायन म्हणजे अयनांशासहित, निरयन म्हणजे अयनांश वजा केलेलं. सायन पद्धतीत मेषेचा आरंभ वसंतसंपातापासून, म्हणजे साधारण २१ मार्चच्या सूर्यापासून धरतात. निरयन पद्धतीत तो ताऱ्यांच्या संदर्भाने ठरवतात. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे आज या दोन आरंभांत जवळपास २४ अंशांचं अंतर पडलंय, तोच अयनांश. उत्तरायण डिसेंबरात लागतं आणि आपण संक्रांत जानेवारीत करतो, ते याच फरकामुळे.

आता तुमच्या राशींना बसेल असं उदाहरण घेऊ. मुलीचा चंद्र निरयन वृषभेत १६ अंशांवर आहे, म्हणजे रोहिणी नक्षत्र, अंत्य नाडी. मुलाचा सिंहेत २० अंशांवर, म्हणजे पूर्वा फाल्गुनी, मध्य नाडी. नाड्या वेगळ्या, त्यामुळे नाडीचे आठही गुण मिळतात. दोघांच्या चंद्रात २४ अंश मिळवले की मुलगी मिथुनेच्या १० अंशांवर आर्द्रात जाते आणि मुलगा कन्येच्या १४ अंशांवर हस्तात. आर्द्रा आणि हस्त दोन्ही आद्य नाडीची, म्हणजे एकनाड, म्हणून आठाचे शून्य.

दोन चंद्रांमधलं अंतर मात्र तेच राहिलं. राशी दोन्हीकडे चौथ्या-दहाव्या येतात, त्यामुळे भकूटाचे सात गुण कायम आहेत. नाडीचा क्रम मात्र आद्य, मध्य, अंत्य, मग उलट अंत्य, मध्य, आद्य असा जातो, म्हणून दोघं सारखेच सरकले तरी जोडी बदलते.

माझं मत स्पष्ट आहे: छत्तीस गुणांचा तक्ता नक्षत्रांवर उभा आहे, त्याला निरयन चंद्रच द्यायला हवा. वरच्या मुलीच्या जन्मरात्री चंद्र आकाशात रोहिणीच्या लालसर ताऱ्याजवळ होता, आर्द्रेच्या नव्हे. सायन चंद्र त्या तक्त्यात घालणं ही दोन पद्धतींची सरमिसळ आहे.

कागदावर काही लिहिलेलं नसेल तर रवी बघा. ५ जानेवारीला जन्मलेल्याचा रवी धनूत दिसला तर पत्रिका निरयन, मकरेत दिसला तर सायन.

दोघंही निरयनवाले असून निकाल वेगळा आला, तर कोणतं पंचांग वापरलं ते विचारा. टिळक पंचांगाचा अयनांश चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवणाऱ्या चित्रापक्षाच्या पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी असतो. वरच्या उदाहरणात त्याने काही बिघडत नाही, चंद्र रोहिणी आणि पूर्वा फाल्गुनीतच राहतात. पण चंद्र नक्षत्राच्या शेवटाकडे असेल तर तेवढ्यानेही नाडी बदलू शकते. अगदी काठावर असेल तर जन्मवेळेतला तासाभराचा फरकही पुरतो, कारण तासाला चंद्र साधारण अर्धा अंश चालतो.